पीआरला पहिलं उत्तर किती वेळात यावं? टीमसमोर बोलायचं आहे, मसुदा बघा

हळदपेठ (धागाकर्ता)

मंडळी, आम्ही सांगलीत सात जणं मिळून शीतगृहवाले आणि अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. पाच जण विश्रामबागच्या ऑफिसात, एक पुण्यातून आणि एक तासगावहून घरून. पुढच्या सोमवारी टीमसमोर मला सात मिनिटं मिळाली आहेत. विषय एकच: पीआर रिव्ह्यूला टाकल्यावर पहिलं उत्तर किती वेळात यायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मी काही मॅनेजर नाही, त्यामुळे नियम लादल्यासारखं वाटायला नको. मसुदा देतोय, हात आखडता न घेता झोडा.

*"दोन आठवड्यांपूर्वी श्रुतीनं सोमवारी साडेचारला एक पीआर टाकला. बेदाण्याचा माल महिन्याच्या मध्येच बाहेर काढला तर भाडं पंधरवड्याचं लावायचं, एवढंच काम. साठ-सत्तर ओळी आणि टेबलात एक नवा कॉलम. पहिली कॉमेंट आली गुरुवारी तीनला. कॉमेंट एका ओळीची होती: जुन्या पावत्यांना हा कॉलम रिकामा राहिला तर चालेल का? प्रश्न अगदी रास्त होता. पण बुधवारी दुसऱ्या एका पीआरमधलं मायग्रेशन मर्ज झालं होतं. श्रुतीनं मेन ओढून घेतलं आणि समोर हे आलं:*

```
CommandError: Conflicting migrations detected; multiple leaf nodes in the migration graph: (0042_lot_khun, 0042_pandharvada_bhade in billing).
To fix them run 'python manage.py makemigrations --merge'
```

*दरम्यान तिनं याच ब्रांचवर पुढचं पावतीचं काम उभं केलं होतं, तेही हलवावं लागलं. शुक्रवारी दुपारी काम मर्ज झालं. वाचायला दहा मिनिटं लागली असतील, बाकीचा सगळा वेळ पीआर नुसता पडून होता.*

*माझं म्हणणं एवढंच आहे. रिव्ह्यू मागितल्यापासून ऑफिसच्या चार तासांत पहिलं उत्तर यावं. मंजुरी नव्हे, उत्तर. उत्तर तीन प्रकारचं चालेल. एक, वाचून केलेली कॉमेंट. दोन, 'आज जमणार नाही, उद्या अकराला बघतो', म्हणजे वेळेसकट. तीन, 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, अमक्याला दे'. चार तासांत काहीच आलं नाही, तर टाकणाऱ्यानं ग्रुपवर सांगायचं, आणि त्यात कुणी राग मानायचा नाही. महिनाभर करून बघू, नाही जमलं तर सोडून देऊ."*

एवढंच. चार तास जास्त वाटतात की कमी?

---

बेधडक_बंडू

लय भारी विषय. पण चार तास कशाला हवेत, दोन ठेवा. आणि सरळ सांगा ना, गूगलमध्ये २४ तासांत रिव्ह्यू पूर्ण करायचाच असा नियम आहे. ते एवढे मोठे असून करतात, मग सात जणांना काय अवघड? आमच्याकडे मी तर म्हणतो, मुदत संपली की पीआर आपोआप मर्ज. एकदा असा झटका बसला की सगळे सुतासारखे सरळ येतात.

---

अजिंक्यतारा

बंडू, तुमचं अर्धं बरोबर आहे. गूगलची इंजिनिअरिंग पद्धतींची मार्गदर्शिका जाहीर आहे, कुणीही वाचू शकतं. त्यात एक कामकाजाचा दिवस ही कमाल मर्यादा दिली आहे, पण ती उत्तर द्यायची. रिव्ह्यू पूर्ण करायची नव्हे. त्याच पानावर असंही सांगितलंय की हातातलं एकाग्रतेचं काम मध्येच सोडून रिव्ह्यूला पळू नका; काम जिथं आपसूक थांबतं तिथं, म्हणजे जेवणानंतर किंवा मीटिंग संपल्यावर करा. हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, म्हणून मग "आमचा फोकस तुटतो" अशी तक्रार येते.

आपोआप मर्जबद्दल काय बोलू? बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे हो. शेतकऱ्याच्या भाड्यात चूक गेली तर पीआर किती लवकर मर्ज झाला हे कुणी विचारणार नाही.

हळदपेठ, मसुदा चांगला आहे, कारण तुम्ही मंजुरी आणि उत्तर वेगळं केलंय. बहुतेकांची गाडी तिथंच अडते. मंजुरीला मुदत लावली की लोक न वाचता मंजूर करतात. उत्तराला मुदत लावली तर फार तर 'उद्या बघतो' एवढंच येतं, आणि त्यानंही श्रुतीचा फायदाच झाला असता. सोमवारी संध्याकाळीच तिला कळलं असतं की गुरुवारपर्यंत कुणाला सवड नाही. मग तिनं पुढचं काम या ब्रांचवर न रचता वेगळं धरलं असतं, किंवा दुसऱ्या कुणाला पीआर दिला असता.

पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे घड्याळ कधी सुरू होतं, हे नीट बांधा. पीआर उघडल्यापासून मोजलंत तर ड्राफ्टमध्ये पडलेले दिवसही त्यात येतील. गिटहबवर ड्राफ्ट असताना कोड ओनरना आपोआप विनंती जात नाही, ड्राफ्ट काढून पीआर तयार म्हटल्यावर जाते. तेव्हा घड्याळ त्या विनंतीपासूनच धरा.

दुसरी गोष्ट श्रुतीच्या गोष्टीबद्दल. सात माणसांच्या खोलीत "पहिली कॉमेंट गुरुवारी आली" म्हटलं की सगळ्या माना एकाच माणसाकडे वळतात. तो रिव्ह्यूअर तिथं बसलेला असणार ना?

---

हळदपेठ

असणार, आणि आमच्यात सगळ्यात सीनियर तोच. संतोषदादा. स्वभावानं फार चांगला, पण त्या आठवड्यात जीएसटीच्या रिटर्नचं काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात होतं. मी नाव घेणार नव्हतोच.

---

अजिंक्यतारा

नाव घ्यायची गरजच नाही, सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून आदल्या दिवशी संतोषदादांना चहाला घेऊन जा आणि गोष्ट त्यांना आधी सांगा. "त्या आठवड्यात तुमच्याकडे जीएसटी होतं, हे मी बोलताना सांगू का?" एवढं विचारा. ते सांगितलंत की मुद्दाच बदलतो. रिव्ह्यूअर हयगय करत नव्हता, तर तो अडकलाय हे टीमला कळायला वाटच नव्हती, असं चित्र उभं राहतं. तुमचा नियम नेमका त्यासाठीच आहे.

---

मिरज_जंक्शन

मी तो संतोषदादा आहे. म्हणजे तुमचा नव्हे, आमच्या ऑफिसातला. पंधरा जणांची टीम, आणि सगळे पीआर फिरून फिरून माझ्याकडे. जरा हिशेब मांडू. दिवसाला बारा पीआर धरा, एकाला नीट वाचायला पंचवीस मिनिटं. झाले पाच तास. माझं स्वतःचं काम आहेच, मीटिंगा आहेत, वर कुणीतरी खुर्ची ओढून "दादा, एक मिनिट" म्हणतं ते वेगळंच.

आमच्याकडेही एकानं असाच नियम आणला. वेळेचा तक्ता भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक पीआरखाली "बघतो" लिहायला लागलो. घड्याळ थांबलं, स्क्रीन हिरवी झाली, पीआर होते तिथेच. कुणाला फसवायचं म्हणून नाही केलं, दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. काम वाटून न देता मुदत लावणं म्हणजे भरलेल्या एसटीत आणखी चार माणसं चढवून कंडक्टरला वेळेत पोचव म्हणणं.

तेव्हा हळदपेठ, आधी हे सांगा, तुमच्याकडे बिलिंगचा कोड वाचू शकणारे किती जण आहेत?

---

हळदपेठ

खरं सांगायचं तर दोन. संतोषदादा आणि पुण्यातून काम करणारी मेघना. म्हणून मनात असं आहे की पहिलं उत्तर कुणीही द्यावं आणि शेवटची मंजुरी या दोघांपैकी एकानं.

---

कासच्या_वाटेवर

रिव्ह्यूला उत्तर देण्याबद्दल माझाही अनुभव लिहितो. साताऱ्याहून कासला जायच्या रस्त्याला आमचं छोटं हॉटेल आहे. फुलांच्या हंगामात सप्टेंबरमध्ये रिव्ह्यूंचा नुसता पाऊस पडतो. मी तर रात्री हिशेब झाल्यावर एकदम बसून सगळ्यांना उत्तरं देतो. एक तारा देणाऱ्याला आधी फोन करतो. त्यातले बरेच जण नंतर तारे वाढवतात. चार तासांची घाई करू नका, रागाच्या भरात उत्तर दिलं की प्रकरण वाढतं.

---

निवांत_नलू

दादा, हा गिऱ्हाइकांचा रिव्ह्यू नव्हे. एकानं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यानं तपासायचा, त्याबद्दल चाललंय. 😄 पण रागाच्या भरात उत्तर देऊ नका हे आमच्या टीममध्येही लावायला हवं.

---

कासच्या_वाटेवर

असं होय. मग चालू द्या. तपासणारा भेटतोय हेच नशीब म्हणा, आमच्याकडे भाजीत मीठ कुणी तपासत नाही.

---

अजिंक्यतारा

मिरज_जंक्शन यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनाचा आहे. हळदपेठ, तुमच्या सात मिनिटांतली दोन त्याला द्या.

"बघतो" हे उत्तर धरायचं नाही, असं स्पष्ट म्हणा. 'उद्या अकराला बघतो' धरायचं, कारण अकरा वाजून गेले की ते मोडलेलं दिसतं. नुसतं "बघतो" कधी मोडतच नाही. आणि भिंतीवर स्क्रीन लावू नका, माणसागणिक तक्ता तर अजिबात नको. पहिल्याच दिवशी लोक आकड्यासाठी काम करू लागतात. फार तर सकाळी स्टँडअपच्या आधी कुणीतरी एकानं हे चालवायचं:

```
gh pr list --search "review:none draft:false sort:created-asc"
```

यात रिव्ह्यू न झालेले, ड्राफ्ट नसलेले पीआर जुन्यापासून दिसतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: पीआरखाली साधी कॉमेंट लिहिली तर तो रिव्ह्यू धरला जात नाही, त्यामुळे 'उद्या अकराला' लिहिलेले पीआरही या यादीत राहतील. राहू द्या. यादी वाचून दाखवायची, जिथं वेळ दिलेली आहे तिथं पुढं जायचं, जिथं काहीच नाही तिथं "कोण घेतंय?" एवढं विचारायचं.

आणि महिन्यानंतर मोजायला बसाल तेव्हा सरासरी काढू नका. समजा दहा पीआर आले, नवांना एका तासात उत्तर मिळालं आणि एकाला एक्केचाळीस तासांनी. सरासरी येते पाच तास. पाच तास वाट पाहिलेला माणूस त्या दहांत एकही नाही. नऊ जण म्हणतील सगळं छान चाललंय, आणि दहावा श्रुती असतो. म्हणून चार तासांच्या पलीकडे किती गेले ते मोजा आणि ते पीआर एकेक करून उघडून बघा. मोठा होता का, पाठवताना वर्णन लिहिलं होतं का, विनंती कुणा एकाला होती की अख्ख्या टीमला. टीमला केलेली विनंती बहुतेक वेळा कुणालाच केलेली नसते. गिटहबवर टीमच्या सेटिंगमध्ये आळीपाळीनं एकेकाला नेमायची सोय आहे, आणि ज्यानं स्टेटस 'बिझी' ठेवलंय त्याला ती वगळते. जीएसटीच्या आठवड्यात संतोषदादांनी एवढंच केलं असतं तरी पुरलं असतं.

---

मिरज_जंक्शन

आळीपाळी ठीक आहे, पण "पहिलं उत्तर कुणीही द्यावं" हे मला पटत नाही. आमच्याकडे ते झालंय. नव्या पोरानं पहिल्या फेरीत व्हेरिएबलची नावं बदलायला लावली, फंक्शन तोडायला लावलं. लिहिणाऱ्यानं दिवसभर बसून ते केलं. मग मी उघडून बघतो तर मुळात तो हिशेबच त्या ठिकाणी करायचा नव्हता. दिवस वाया गेला, वर दोघंही नाराज. सीनियरचा हात शेवटी लागणार असेल तर आधीची फेरी कशाला?

---

अजिंक्यतारा

ते पहिल्या वाचणाऱ्यानं काय बघायचं हे न ठरल्यामुळे झालं. बिलिंग न कळणारा माणूसही काही गोष्टी नक्की सांगू शकतो. वर्णन वाचून काम काय आहे ते समजतंय का, टेस्ट आहे का, मायग्रेशन आहे का, आणि असेल तर जुन्या नोंदींचं काय होणार. बघा, संतोषदादांचा गुरुवारचा प्रश्न नेमका हाच होता. तो विचारायला जीएसटी यावं लागत नाही. तासगावच्या मुलानंही सोमवारी सहालाच विचारला असता. रचना आणि नावं यांत मात्र त्यानं हात घालायचा नाही.

---

मिरज_जंक्शन

हा प्रश्न विचारायला डोकं लागतं हो, ते नव्याकडे कुठून येणार? मायग्रेशन दिसलं की जुन्या पावत्या आठवायच्या, हे आमच्याकडे दोन वेळा हात भाजल्यावर आलं. कागदावर तुमचं म्हणणं ठीक आहे, चालू द्या. मी म्हणेन बिलिंगचे पीआर सरळ त्या दोघांकडेच जाऊ देत, आणि त्यांना बाकीच्या पीआरमधून मोकळं करा.

---

बेधडक_बंडू

बरं, आपोआप मर्जचं सोडलं. पण मुदत मोडली तर काय? काहीच होणार नसेल तर नियम कशाला? निदान मॅनेजरला मेल तरी जाऊ दे.

---

निवांत_नलू

मॅनेजरला मेल गेला की पुढच्या वेळी लोक रिव्ह्यूअर म्हणून नाव लावू द्यायलाच तयार होणार नाहीत. आमच्याकडे साधी पद्धत आहे. रोज एकाची पाळी. मुदत उलटली की टाकणारा त्या दिवसाच्या पाळीवाल्याला सांगतो. पाळीवाल्यानं स्वतःच वाचलं पाहिजे असं नाही, पण वाचणारा शोधून द्यायचं काम त्याचं. म्हणजे भांडण "तू का नाही बघितलंस" यावर येत नाही, आणि लाजाळू माणसाला सीनियरच्या मागं लागावं लागत नाही. आमची एक मुलगी सरांना दुसऱ्यांदा पिंग करायचं म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायची. आता पाळीवाल्याला सांगते.

एक शंका मात्र आहे. पहिलं उत्तर चार तासांत आलं, पण पुढच्या फेऱ्यांचं काय? कॉमेंट आली, लिहिणाऱ्यानं दुरुस्त केलं, परत दोन दिवस वाट. आमच्याकडे नियम आल्यावर पहिली फेरी पटकन व्हायला लागली आणि दुसरी रखडायला लागली.

---

हळदपेठ

पाळीवाली कल्पना उचलतोय, ग्रुपवर ओरडण्यापेक्षा बरी. दुसऱ्या फेरीचा मुद्दा खरा आहे, पण सोमवारी मी तो काढणार नाही. दोन मुदती एकदम मागितल्या तर दोन्ही जातील. कुणी विचारलं तर म्हणेन की महिनाभरात काय दिसतं ते बघून ठरवू.

अजिंक्यतारा, चार तासांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक दिवस जास्त सोपा पडेल का?

---

अजिंक्यतारा

तुमच्याच उदाहरणावर लावून बघा. ऑफिस दहा ते सात. सोमवारी साडेचारला पीआर आला. चार तासांचा नियम असेल तर सोमवारचे अडीच तास आणि मंगळवारचा दीड, म्हणजे मंगळवारी साडेअकरापर्यंत उत्तर. एक दिवसाचा असेल तर मंगळवारी साडेचार. श्रुतीचा मंगळवारचा अर्ध्याहून जास्त कामाचा दिवस त्या फरकात जातो. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर चार तासांत रिव्ह्यूअरला दिवसातून दोनदा डोकावावं लागतं, सकाळी आल्यावर आणि जेवणानंतर. तुमच्यात पाच जण एकाच खोलीत आहेत, त्यामुळे जमावं असं मला वाटतं. मेघना आणि तासगावचा मुलगा यांना मात्र आधी विचारा. लाईट गेली, नेट गेलं तर घड्याळ थांबतं, हे त्यांच्यासाठी आधीच बोलून टाका.

आणि मोठ्या पीआरला वेगळी वागणूक हवी. हजार ओळींच्या पीआरला चार तासांत 'वाचून केलेली कॉमेंट' मागितली तर खोटीच मिळेल. तिथं "दोन तुकडे करून पाठव" हेही धडधडीत उत्तर धरा.

---

मिरज_जंक्शन

मी एक दिवसच म्हणेन. सकाळी आल्यावर एकदाच बसायचं आणि सगळं संपवायचं. दुपारच्या जेवणानंतरचा तास हा माझा कोड लिहायचा एकमेव तास आहे, तोही नियमाला देऊ?

---

हळदपेठ

दोन्ही सांगतो टीमला आणि हात वर करायला लावतो. मधला भाग आता असा बोलणार आहे:

*"विनंती केल्यापासून घड्याळ सुरू. ड्राफ्ट असेपर्यंत नाही. जमत नसेल तर वेळेसकट सांगा, नुसतं 'बघतो' धरणार नाही. पीआर मोठा असेल तर तोडायला सांगा, तेही उत्तरच. मुदत उलटली तर टाकणारा त्या दिवसाच्या पाळीवाल्याला सांगेल आणि पाळीवाला वाचणारा शोधेल. नावानिशी कुणाचे आकडे निघणार नाहीत. चार तास की एक दिवस, हे आत्ता तुम्ही ठरवा. बिलिंगचे पीआर पहिल्यांदा कुणी वाचायचे, ते संतोषदादा आणि मेघना सांगतील."*

संतोषदादांशी आज बोललो. गोष्ट सांगायला त्यांची हरकत नाही. उलट म्हणाले, "जीएसटीचं सांग, आणि हेही सांग की त्या आठवड्यात मला कुणी विचारलंच नाही." हे वाक्य त्यांनाच बोलायला लावावं की मी बोलू?

---

निवांत_नलू

त्यांनाच बोलू द्या. आणि शनिवारचं ठरलंय का? अर्धा दिवस असेल तर शुक्रवारी संध्याकाळचा पीआर सोमवारी की शनिवारी?

---

हळदपेठ

शनिवारी दोनपर्यंत ऑफिस असतं, पण पुण्याला सुट्टी. म्हणजे मेघनाचं घड्याळ वेगळं चालणार. हे डोक्यातच आलं नव्हतं, तिला आज रात्री फोन करतो.